रजा आठ नव्हे, चार दिवसांची होती: हजेरी-रजेची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांना खुलं पत्र

भोसरी, पुणे
२० जानेवारी २०२५

हजेरी, रजा आणि पगाराची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या आणि ती कारखान्यांत बसवून देणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी १९ वर्षं टाइम ऑफिस सांभाळतो आहे. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, पगाराला जाणारे दिवस, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पहिली काही वर्षं आमच्याकडे कागदी मस्टर होतं, नंतर एक्सेल आलं आणि दीड वर्षापूर्वी मोबाइल ॲपसकट नवी प्रणाली आली. ती कोणाची हे मी इथे लिहिणार नाही. शेजारच्या कारखान्यांतल्या माझ्यासारख्या माणसांशी बोलल्यावर कळलं की नावं वेगळी असली तरी चूक सगळीकडे तीच आहे, म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

चूक रजेचे दिवस मोजण्याची आहे. माणूस रजेची पहिली तारीख टाकतो, शेवटची तारीख टाकतो, आणि तुमचा प्रोग्राम त्या दोन तारखांची वजाबाकी करून तेवढे दिवस त्याच्या शिलकेतून कापतो. मधे साप्ताहिक सुट्टी आहे का, सण आहे का, कारखाना त्या दिवशी चालू होता का, हे तो विचारतच नाही.

गेल्या दिवाळीत काय झालं ते सांगतो. आमच्या सीएनसी विभागातला एक ऑपरेटर लातूरकडचा आहे. गावी जायचं म्हणून त्याने सोमवार २८ ऑक्टोबर ते सोमवार ४ नोव्हेंबर २०२४ अशी रजा टाकली. त्याच्या खात्यात ६ भरपगारी रजा शिल्लक होत्या. आता आमच्या कारखान्याचं कॅलेंडर पाहा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळ्या आठवड्यावर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. तेव्हा ३१ ऑक्टोबर, गुरुवार, ही आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज. हे तिन्ही दिवस आमच्या सुट्ट्यांच्या यादीत आहेत, आणि ती यादी वर्षाच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डावर लागते. म्हणजे त्या माणसाने खरोखर किती दिवसांचं काम चुकवलं? २८, २९, ३० ऑक्टोबर आणि ४ नोव्हेंबर. चार दिवसांचं.

ॲपने आठ दिवस कापले. खात्यात सहाच होते, म्हणून सहा रजेत गेले आणि उरलेले दोन बिनपगारी पडले. बिनपगारी दिवस आला की आमच्याकडे त्या महिन्याचा हजेरी भत्ता जातो, तोही गेला. ५ नोव्हेंबरला पहिल्या पाळीला येण्याआधी तो माझ्या खिडकीशी उभा होता. मोबाइल पुढे करून म्हणाला, "साहेब, माझी रजा शून्य कशी झाली? मी तर चारच दिवस घेतली होती." त्याने बोटांवर मोजलेला हिशेब बरोबर होता आणि आपल्या सर्व्हरने मोजलेला चूक होता.

जुनं मस्टर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. महिन्याच्या ३१ चौकटी आडव्या असायच्या. महिना सुरू व्हायच्या आधीच आम्ही सगळ्या गुरुवारच्या उभ्या रांगा लाल शाईने भरून टाकायचो आणि सणांच्या तारखांवर तशीच खूण करायचो. रजा लिहिताना बोट त्या ओळीवरून सरकायचं आणि लाल चौकट आली की आपोआप पुढे जायचं. मला कोणी हे शिकवलं नव्हतं, तो कागदच तसा होता. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांतला फरक लिहिण्याच्या जागीच दिसत होता. तुमच्या पडद्यावर दोन तारखांचे दोन रकाने आहेत आणि त्यांच्या मधलं काहीच नाही.

तक्रार केल्यावर सपोर्टच्या मुलाने मला आतली ओळ दाखवली. मी प्रोग्रामर नाही, पण ही ओळ मलाही समजली:

```python
days = (to_date - from_date).days + 1
```

शेवटच्या तारखेतून पहिली वजा करायची आणि दोन्ही टोकं धरायची म्हणून एक मिळवायचा. वाचनालयाचं पुस्तक किती दिवस बाहेर होतं ते मोजायला हे ठीक आहे. रजा तशी नसते. रजा म्हणजे कामावर यायचं असताना न येण्याची परवानगी. ज्या दिवशी कामावर यायचंच नव्हतं त्या दिवसाची परवानगी कशाला लागेल?

पहिलं उत्तर मला मिळालं ते असं, की "तुमच्याकडे सँडविच पॉलिसी असेल, म्हणून सिस्टिम तसं मोजते." याबद्दल नीट बोलायला हवं, कारण या शब्दामागे बऱ्याच चुका दडतात. सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे रजा घेतली तर मधली सुट्टीही रजेत धरायची, असा नियम काही कंपन्या करतात. त्याला सँडविच म्हणतात. कार्यालयीन नोकरीत तो कुठे चालत असेल, कुठे नसेल. पण कारखान्यातल्या कामगाराच्या २०२४ मधल्या भरपगारी रजेला कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. त्याच्या कलम ७९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ही रजा सर्व सुट्ट्या वगळून मोजायची, मग त्या रजेच्या मधे आलेल्या असोत की तिच्या कोणत्याही टोकाला. मधल्याच नव्हे, टोकाच्याही. त्यामुळे कामगाराच्या या रजेवर सँडविचचा नियम लावायला जागाच नाही. आमच्या कंपनीने तो कधी लावलाही नव्हता. तुमच्या प्रोग्रामने मोजायचं टाळलं आणि त्याला धोरणाचं नाव मिळालं.

त्याच कलमात ही रजा मिळते कशी तेही दिलं आहे. वर्षात किमान २४० दिवस काम केलं तर पुढच्या वर्षी, केलेल्या कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. आता दिवाळीचा हिशेब पुन्हा करा. त्या ऑपरेटरच्या खात्यातून दोन रजा जादा गेल्या, वर दोन दिवस बिनपगारी पडले. त्या दोन रजा कमवायला त्याला मशीनवर ४० दिवस उभं राहावं लागलं होतं. एका वजाबाकीच्या ओळीने एवढं काम पुसलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत "रजा मंजूर" असं आलं. त्याला दिसलं म्हणून तो आला. ज्याच्या खात्यात २५ रजा शिल्लक असतात त्याला चार जादा गेल्याचं कळतही नाही. पगार कापला जात नाही, स्लिपवर काही दिसत नाही. ते वर्षअखेरीला रजेचे पैसे घेताना किंवा नोकरी सोडताना उघड होतं, तेव्हा जुन्या तारखा कोणाला आठवत नसतात.

तुमच्या लोकांनी आठवडाभरात दुरुस्ती पाठवली, त्याबद्दल मी मनापासून आभार मानले होते. पण ती दुरुस्ती वेगळ्याच गावच्या कॅलेंडरची निघाली. नव्या आवृत्तीत सणांची यादी वजा होत होती, हे बरोबर. साप्ताहिक सुट्टी म्हणून मात्र शनिवार आणि रविवार पक्के बसवलेले होते. जिथे हा प्रोग्राम लिहिला गेला तिथे शनिवार-रविवार सुट्टी असणार. आमच्याकडे शनिवार-रविवारी तिन्ही पाळ्या चालतात.

या आवृत्तीत जे झालं ते मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त घातक वाटतं. असेंब्लीतल्या एकाने सोमवार १८ ते रविवार २४ नोव्हेंबर रजा टाकली, एकूण सात दिवस. प्रोग्रामने शनिवार-रविवार वगळून पाच कापले. आमच्या कॅलेंडरप्रमाणे त्यात फक्त गुरुवार २१ वगळायचा होता, म्हणजे सहा. दरम्यान, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. मतदानाच्या दिवशी कामगारांना भरपगारी सुट्टी द्यावी लागते, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये आहे. वर्षाच्या सुरुवातीला लावलेल्या यादीत ती तारीख असणं शक्यच नव्हतं, कारण निवडणुकीचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला. आम्ही नोटीस लावून २० तारखेची सुट्टी दिली. तेव्हा बुधवार २० आणि गुरुवार २१ वगळून खरे दिवस झाले पाच.

प्रोग्राम पाच म्हणत होता, खरे दिवसही पाच. आकडा जुळला. मी फक्त शिल्लक पाहत राहिलो असतो तर सगळं ठीक आहे असंच समजलो असतो. पण मस्टर उघडलं तर वेगळंच होतं. बुधवारी मतदानाच्या दिवशी त्याच्या नावावर रजा लागली होती, गुरुवारी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रजा लागली होती, आणि शनिवार-रविवारी ना पंच, ना रजा. पाळी मात्र लावलेली, म्हणून हजेरीच्या भागाने त्या दोन्ही दिवसांवर गैरहजेरी मारली होती. रजेच्या भागाला वाटत होतं शनिवारी सुट्टी आहे, हजेरीच्या भागाला माहीत होतं शनिवारी पाळी आहे. एकाच प्रणालीतली ही दोन अंगं एकमेकांना विचारत नव्हती.

म्हणून तुमच्या चाचणी करणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे की दिवसांची बेरीज जुळली म्हणून पुढे जाऊ नका. प्रत्येक तारखेला मस्टरवर काय उमटलं ते पाहा. सोमवार ते रविवार अशी सात दिवसांची रजा टाकून पाहिली, तर साप्ताहिक सुट्टी कोणत्याही एका वाराला असली तरी आकडा एकच येतो आणि चूक झाकली जाते. चाचणीसाठी सोमवार ते गुरुवार घ्या. त्याच आठवड्यात एका मुलीने १८ ते २१ नोव्हेंबर रजा घेतली होती. प्रोग्रामने चार कापले, खरे दोनच होते.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कळली. मतदानाची सुट्टी आम्ही कॅलेंडरात टाकली, तेव्हा तिचा अर्ज आधीच मंजूर झालेला होता. कॅलेंडर बदललं, तरी तिच्या अर्जावरचा आकडा जागचा हलला नाही. सपोर्टने सांगितलं की दिवस अर्ज करतानाच मोजले जातात आणि साठवले जातात. म्हणजे यादीत सुट्टी टाकून झाल्यानंतर जो अर्ज करेल त्याची रजा वाचेल, आणि जो शहाणपणाने आधी अर्ज करेल त्याची जाईल. कायदा रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी करायला सांगतो. जो सांगितल्याप्रमाणे वागला त्याचंच नुकसान करणारी मोजणी कशी ठेवायची?

कारखान्याचं कॅलेंडर वर्षभर जसंच्या तसं राहत नाही. मतदान येतं. एखाद्या मोठ्या ऑर्डरसाठी गुरुवार चालू ठेवून बदली सुट्टी दुसऱ्या दिवशी दिली जाते, आणि कायद्यातही त्याची सोय आहे. पुराने रस्ता बंद झाला तर एक दिवस कारखाना बंद राहतो आणि तो पुढे भरून काढला जातो. शिवाय एकाच कंपनीत सगळ्यांचं कॅलेंडर एक नसतं. आमच्या मुख्य कार्यालयाला शनिवार-रविवार सुट्टी आहे, कारखान्याला गुरुवार, आणि सुरक्षारक्षकांची सुट्टी फिरती असते, दर महिन्याच्या पाळीपत्रकात ठरते. तेव्हा "कंपनीचं कॅलेंडर" असा एकच तक्ता पुरत नाही. तो त्या माणसाचा आणि त्या दिवसाचा असायला हवा.

माझी मागणी त्यामुळे अवघड नाही. हजेरीचा भाग ज्या पाळीपत्रकावरून गैरहजेरी ठरवतो, तेच पाळीपत्रक रजेच्या भागाला द्या. प्रत्येक माणसाला प्रत्येक तारखेची एक ओळ असू द्या आणि त्या ओळीत तो दिवस कामाचा, साप्ताहिक सुट्टीचा की सणाचा हे लिहिलेलं असू द्या. मग वजाबाकीची गरजच नाही, कामाचे दिवस नुसते मोजायचे:

```sql
SELECT COUNT(*)
FROM work_calendar
WHERE emp_id = :emp
  AND cal_date BETWEEN :from_date AND :to_date
  AND day_type = 'W';
```

हे मला माझ्या पुतण्याने लिहून दिलं, तो याच क्षेत्रात आहे. आमच्या दिवाळीच्या उदाहरणावर हे चार देतं, आणि कॅलेंडर भरलेलं असेल तर १८ ते २१ नोव्हेंबरला दोन. जुन्या मस्टरवरचं बोट जे करायचं तेच हे करतं.

एकूण दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, मग सण वजा करा, असं का करू नये, तेही सांगतो, कारण तुमची पुढची दुरुस्ती तशीच येईल अशी मला काळजी आहे. या वर्षी १ मे गुरुवारी आहे. म्हणजे आमच्याकडे महाराष्ट्र दिन आणि साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी. कोणी २९ एप्रिल ते ३ मे रजा घेतली तर पाच दिवसांतून एकच वगळायचा, रजा चार. तुमची वजाबाकी तोच गुरुवार एकदा साप्ताहिक म्हणून आणि एकदा सण म्हणून काढेल आणि तीनच कापेल. २ ऑक्टोबरला तर गुरुवार आहे, गांधी जयंती आहे आणि दसराही आहे. आमच्या यादीत या दोन वेगळ्या ओळी आहेत. ३० सप्टेंबर ते ४ ऑक्टोबरच्या रजेतून एकच दिवस तीनदा वजा होऊन चारऐवजी दोन कापले जातील. कामगाराचा फायदा झाला म्हणून हे सोडून देता येत नाही. लेखापरीक्षणात ते सापडतं, मग चार-सहा महिन्यांनी त्याच्या पगारातून वसुली निघते, आणि त्याला समजावून सांगायला मीच खिडकीत बसलेला असतो. एका दिवसाची एकच ओळ मोजली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

कॅलेंडर बदलल्यावर त्या तारखेला स्पर्श करणारे सगळे मंजूर अर्ज पुन्हा मोजले जावेत. पण जुना आकडा खोडून त्या जागी नवा लिहू नका. पासबुकात जशी चुकीची नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करतात, तसं करा: "२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी, १ रजा जमा." पगार निघून गेलेला असेल तर ही नोंद चालू महिन्यात पडू द्या आणि कापलेला पगार फरक म्हणून निघू द्या. जिथे सुट्टी रद्द होऊन कामाचा दिवस झाला आहे आणि त्यामुळे रजा जास्त कापावी लागणार आहे, तिथे आधी त्या माणसाला विचारा. तो कदाचित एक दिवस आधी कामावर येईल. परस्पर कापू नका.

आणि हे सगळं करताना सगळ्याच रजांना एकच माप लावू नका, अशीही विनंती आहे. प्रसूती रजा २६ आठवड्यांची असते. ती आठवड्यांत मोजायची, सुट्ट्यांसकट सलग. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच, कोइमतूरच्या कामगार न्यायालयाकडून आलेल्या एका खटल्यात, आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, असं सांगून त्या रविवारांचेही पैसे बाईला द्यायला लावले. तिथे सुट्ट्या वगळल्या तर हिशेबच बिघडेल. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या नैमित्तिक रजेत मधल्या सुट्ट्या मोजत नाहीत, पण अर्जित रजेत मधल्या मोजतात, फक्त टोकाच्या जोडून घेता येतात. म्हणजे सुट्ट्या धरायच्या की नाही हा रजेच्या प्रकाराचा गुण आहे. मुंबईतल्या फ्रापे कंपनीच्या खुल्या प्रणालीत प्रत्येक रजेच्या प्रकाराला यासाठी एक वेगळी खूण आहे, `Include holidays within leaves as leaves` अशी, आणि कर्मचाऱ्याला सुट्ट्यांची यादी जोडलेली असते. ती खूण केली नाही तर सुट्ट्या वगळल्या जातात. हे अशक्य नाही हे दाखवण्यापुरतंच तिचं नाव घेतलं.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगायलाच हवी. दुरुस्ती येईपर्यंत मी कामगारांना सांगितलं होतं की रजा तुकड्यांत टाका, सुट्टीच्या अलीकडे एक अर्ज आणि पलीकडे दुसरा. शिल्लक वाचली. पण कायद्याने ही रजा वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळा घेता येते, आणि तुमच्या प्रणालीत ही अट मात्र नीट बसवलेली आहे. डिसेंबरात एकाचा वडिलांच्या ऑपरेशनसाठीचा अर्ज प्रणालीने परत पाठवला, कारण माझ्या सल्ल्यामुळे त्याच्या एका रजेच्या दोन रजा झाल्या होत्या. व्यवस्थापकांच्या सहीने तो मार्गी लागला, तरी ते दोन दिवस तो इस्पितळात असताना मला फोन करत होता. माझ्यासारख्या कोणी असा सल्ला दिला असेल तर तो थांबवा. अर्ज एकच राहू द्या आणि मोजणी दुरुस्त करून घ्या.

टाइम ऑफिसमध्ये बसणाऱ्या माझ्या बरोबरीच्या लोकांसाठीही थोडं लिहितो, कारण सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत मागच्या नोंदी आपल्यालाच तपासायच्या आहेत. रजेचा अहवाल एक्सेलमध्ये काढा. `B` मध्ये पहिली तारीख, `C` मध्ये शेवटची, आणि बाजूला `H2` ते `H12` मध्ये वर्षाच्या सुट्ट्यांच्या तारखा, मतदानाची धरून. मग हे सूत्र:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,15,$H$2:$H$12)
```

यातला १५ म्हणजे फक्त गुरुवार सुट्टी. रविवार असेल तर तिथे ११ घाला, सोमवार असेल तर १२. साधं `NETWORKDAYS` वापरू नका, ते शनिवार-रविवारच धरतं आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. एकच तारीख यादीत दोनदा असली किंवा गुरुवारीच आली, तरी हे सूत्र ती दोनदा वजा करत नाही. आलेला आकडा कापलेल्या दिवसांशी ताडून पाहा. फरक असलेली ओळ हाताने तपासा. या सूत्राची एक मर्यादा आहे: बदली म्हणून एखादा गुरुवार चालू ठेवला असेल तर ते त्याला कळत नाही, तो दिवस सुट्टीच धरला जातो. तसे आठवडे मस्टरवरूनच पाहावे लागतात. आणि मघाशी सांगितलं तसं, जुळलेल्या ओळींतही शनिवार-रविवारी गैरहजेरी लागली आहे का ते बघा.

आमच्या २०२४ च्या नोंदी मी या रीतीने तपासल्या. कापलेल्या रजा जमा झाल्या आहेत. सीएनसीतल्या ऑपरेटरचा दोन दिवसांचा पगार आणि हजेरी भत्ता डिसेंबरच्या पगारात फरक म्हणून निघाला. व्यवस्थापनाने अडवलं नाही, हेही नमूद करतो. पण हे मी हाताने केलं आहे. तुमच्या प्रणालीत आजही नवीन अर्ज शनिवार-रविवार वगळूनच मोजला जातो.

येत्या रविवारी २६ जानेवारी आहे. शुक्रवार २४ ते सोमवार २७ अशी रजा टाकणारे तिघे जण माझ्याकडे आहेत. आमच्या कॅलेंडरप्रमाणे प्रजासत्ताक दिन वगळून त्यांचे तीन दिवस कापले जायला हवेत: शुक्रवार, शनिवार, सोमवार. तुमची सध्याची मोजणी शनिवार-रविवार वगळून दोन म्हणेल, आणि रविवार पुन्हा सण म्हणून वजा केला तर एक. हे तीन अर्ज मी मुद्दाम अजून प्रणालीत भरलेले नाहीत, कागदावर ठेवले आहेत. २३ तारखेपर्यंत आपल्यापैकी ज्यांची प्रणाली आमच्याकडे आहे त्यांनी आमचं गुरुवारचं कॅलेंडर जोडून द्यावं. मी त्याच दिवशी ते तिन्ही अर्ज भरेन, प्रत्येक तारखेला मस्टरवर काय उमटलं ते पाहीन आणि आपल्याला कळवेन.

आपला,
टाइम ऑफिसमधला एक कर्मचारी